लसावि काढण्याआधीच झालेली भेट

दोन धावपटू गोल ट्रॅकवर एकाच रेषेवरून, एकाच क्षणी, एकाच दिशेने सुटतात. एकाला फेरी पूर्ण करायला ७२ सेकंद लागतात, दुसऱ्याला १२०. सुटल्यानंतर ते पहिल्यांदा पुन्हा एकत्र कधी येतील?

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. ७२ आणि १२० असे दोन आकडे शेजारी दिसले की हात आपोआप लसाविकडे जातो. लसावि येतो ३६०, म्हणून उत्तर ३६० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं. पर्यायांमध्ये ३६० असतोही, त्यामुळे शंका येत नाही. पण हे उत्तर चुकीचं आहे. तिसरं मिनिट संपताच ते दोघे ट्रॅकवर एकमेकांना भेटून पुढे गेलेले असतात.

लसाविचा हिशेब चुकलेला नाही. तो दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर देतो. हे दोन प्रश्न कुठे वेगळे होतात ते नीट कळलं, की या प्रकारातली जवळजवळ सगळी गणितं सूत्र न आठवताही सुटतात.

दोघांकडे नको, फरकाकडे बघा

गोल ट्रॅकच्या मध्यावर उभं राहून धावपटूकडे बोट दाखवत राहिलं, तर तो धावेल तसं आपलं बोट फिरत जाईल. एका फेरीत ते ३६० अंश फिरतं. दर सेकंदाला ते किती अंश फिरतं, यालाच कोनीय वेग म्हणतात. आपला जलद धावपटू ७२ सेकंदांत ३६० अंश फिरतो, म्हणजे सेकंदाला ५ अंश. संथ धावपटू १२० सेकंदांत ३६० अंश, म्हणजे सेकंदाला ३ अंश.

आता दोघांचा वेगवेगळा हिशेब ठेवायला गेलो तर गोंधळ होतो, कारण दोघेही सतत जागा बदलत असतात. त्याऐवजी त्यांच्यातल्या अंतराकडे, म्हणजे कोनातल्या फरकाकडेच लक्ष द्यावं. सुरुवातीला हा फरक शून्य आहे. एका सेकंदानंतर जलद धावपटू ५ अंशांवर, संथ ३ अंशांवर, म्हणून फरक २ अंश. दहा सेकंदांनी २० अंश. नव्वद सेकंदांनी १८० अंश, म्हणजे ते बरोबर समोरासमोरच्या टोकांना असतात. फरक दर सेकंदाला २ अंशांनी वाढत राहतो. दोघं धावत असले तरी आपल्यापुरती आता एकच गोष्ट सरकते आहे, आणि तीही एकसारख्या वेगाने.

हा फरक ३६० अंश झाला की काय होतं? जलद धावपटू संथ धावपटूपेक्षा अख्खी एक फेरी जास्त धावलेला असतो. पण ट्रॅक गोल आहे, म्हणून डोळ्यांना तो त्याच्या शेजारीच दिसतो. शून्य अंश आणि ३६० अंश दिसायला सारखे, हिशेबाला वेगळे. गोल ट्रॅकचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. सरळ रस्त्यावर पुढे गेलेला माणूस मागच्याला पुन्हा भेटत नाही. गोल ट्रॅकवर भेटतो, कारण तिथे फरक ३६०, ७२०, १०८० अंश झाला की तो दर वेळी शून्यासारखा दिसतो.

फरक सेकंदाला २ अंश वाढतो, मग ३६० व्हायला ३६० ÷ २ = १८० सेकंद लागतील. हीच पहिली भेट. पुढची ३६० सेकंदांनी, त्यापुढची ५४० सेकंदांनी.

अंश नको असतील तर फेऱ्यांच्या वेळा थेट वापरता येतात. दोन वेळांचा गुणाकार करायचा आणि त्याला त्यांच्या वजाबाकीने भागायचं:

भेटीचा काळ = (७२ × १२०) ÷ (१२० − ७२) = ८६४० ÷ ४८ = १८० सेकंद

सूत्र पाठ केलं असलं तरी उत्तर आल्यावर ते ताडून बघण्याची सवय फार उपयोगी पडते. १८० सेकंदांत जलद धावपटूने १८० ÷ ७२ = २.५ फेऱ्या मारल्या, संथ धावपटूने १८० ÷ १२० = १.५. वजाबाकी बरोबर १. एकाच दिशेने धावणाऱ्यांची भेट असेल तर फेऱ्यांची वजाबाकी पूर्णांकच आली पाहिजे. अपूर्णांक आला, तर त्या क्षणी ते एकत्र नाहीत आणि आपलं कुठेतरी चुकलं आहे.

मग लसावि नेमकं काय सांगतो?

२.५ आणि १.५ हे आकडे पुन्हा एकदा बघा. दोघांच्याही फेरीचा अर्धा भाग झालेला आहे, म्हणजे ही भेट सुरुवातीच्या रेषेवर झाली नाही. ती तिच्या बरोबर समोरच्या टोकाला झाली. ३६० सेकंदांनी मात्र जलद धावपटूच्या ५ फेऱ्या आणि संथ धावपटूच्या ३ फेऱ्या पूर्ण होतात, आणि ते दोघे सुरुवातीच्या रेषेवर एकत्र असतात.

लसावि ३६० सांगतो तो याच क्षणाबद्दल. त्याच्या दोन अटी असतात. दोघे एकत्र हवेत, आणि शिवाय सुरुवातीच्याच रेषेवर हवेत. ‘ते कधी भेटतील’ या प्रश्नात दुसरी अट नसते, ती आपण नकळत घालतो. प्रश्नात ‘सुरुवातीच्या ठिकाणी’ हे शब्द आहेत की नाहीत, यावर उत्तर १८० की ३६० ते ठरतं.

कधी कधी दोन्ही उत्तरं सारखी येतात, आणि त्यामुळे घोळ आणखी वाढतो. फेऱ्यांच्या वेळा ७२ आणि ८० सेकंद असतील तर लसावि ७२० येतो आणि पहिली भेटही (७२ × ८०) ÷ ८ = ७२० सेकंदांनीच होते. इथे लसाविने सोडवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात आणि त्याची चुकीची समजूत आणखी पक्की होते. हे का जुळतं ते बघू. ७२० सेकंदांत एकाच्या १० फेऱ्या होतात, दुसऱ्याच्या ९. दोघांत एकाच फेरीचा फरक पडतो, म्हणून तेवढ्या वेळात भेटही एकदाच होते. आपल्या आधीच्या जोडीत ५ आणि ३ फेऱ्या होत्या, फरक २, म्हणून भेटी दोन: एक समोरच्या टोकाला आणि एक रेषेवर.

हा सर्वसाधारण नियमच आहे. दोघे पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर येईपर्यंत त्यांच्या किती फेऱ्या होतात ते बघायचं आणि त्यांची वजाबाकी करायची. ट्रॅकवर भेटीच्या तेवढ्याच वेगवेगळ्या जागा असतात. कोणतीही जागा मधेच दोनदा येऊ शकत नाही. समजा आली, तर त्या दोन भेटींच्या मधल्या काळात दोघांनीही पूर्ण फेऱ्या मारल्या असा अर्थ होईल, आणि तसं लसाविएवढा वेळ गेल्याशिवाय घडतच नाही. घड्याळाच्या काट्यांनाही हेच लागू पडतं. बारा तासांत मिनिटकाटा १२ फेऱ्या मारतो, तासकाटा १, म्हणून ते ११ वेगवेगळ्या जागी एकमेकांवर येतात, दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी.

लसावि आणि भेट यांतला फरक खरा उघडा पडतो तो पुस्तकातले गोळीबंद आकडे सोडल्यावर. खऱ्या ट्रॅकवर कुणी बरोबर ७२ सेकंदांत फेरी मारत नाही. समजा स्टॉपवॉचवर वेळा आल्या ७२.३ आणि ११९.८ सेकंद. धावपटू तेच, ट्रॅक तोच, बदल अगदी किरकोळ. भेटीचा काळ काढला तर (७२.३ × ११९.८) ÷ ४७.५ म्हणजे सुमारे १८२.४ सेकंद येतो. आधीच्या उत्तराच्या दोन-अडीच सेकंद इकडे-तिकडे, अगदी अपेक्षेप्रमाणे.

आता लसावि काढा. सेकंदाच्या दशांशात ७२३ आणि ११९८ हे आकडे येतात. त्यांच्यात १ सोडून कोणताही सामाईक विभाजक नाही, म्हणून लसावि म्हणजे थेट गुणाकार: ८,६६,१५४ दशांश सेकंद, म्हणजे २४ तासांहून साडेतीन मिनिटं जास्त! सहा मिनिटांचं उत्तर एकदम अख्ख्या दिवसावर गेलं. तेवढ्या वेळात ते दोघे ४७५ वेळा भेटतील आणि दर वेळी नव्या जागी. मोजमापात एवढासा बदल झाल्यावर जे उत्तर दिवसभराने हलतं, ते ‘भेट कधी’ याचं उत्तर असूच शकत नाही. मला तरी लसावि आणि भेट यांतला फरक दाखवणारं याहून स्पष्ट उदाहरण ठाऊक नाही.

उलट दिशेने, आणि वेगळ्या जागेवरून

दोघे एकमेकांच्या उलट दिशेने सुटले तर फक्त वजाबाकीच्या जागी बेरीज येते. एक घड्याळाच्या उलट ५ अंश, दुसरा घड्याळाच्या दिशेने ३ अंश, मिळून दर सेकंदाला ८ अंश. पहिली भेट ३६० ÷ ८ = ४५ सेकंदांनी. ताडून बघायचं तर आता फेऱ्यांची बेरीज पूर्णांक यायला हवी: ४५ ÷ ७२ = ०.६२५ आणि ४५ ÷ १२० = ०.३७५, बेरीज १. भेटीच्या जागाही ५ + ३ = ८ होतात, ट्रॅकवर सारख्या अंतराने पसरलेल्या.

सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून असेल तिथे मात्र जरा थांबायला हवं. समजा संथ धावपटूला पाव फेरी, म्हणजे ९० अंश, पुढून सोडलं. जलद धावपटूला हे ९० अंश भरून काढायचे आहेत आणि फरक सेकंदाला २ अंशांनीच बदलतो, म्हणून ४५ सेकंदांनी तो त्याला गाठेल. पण या भेटीत लॅप झालेला नसतो. तो फक्त बरोबरीला आला. एक फेरी मागे टाकायची तर इथून पुढे आणखी ३६० अंश कमवावे लागतील, म्हणजे एकूण ४५० अंश, आणि त्याला २२५ सेकंद लागतील. ‘गाठणं’ आणि ‘लॅप करणं’ हे एकाच रेषेवरून सुटलेल्यांच्या बाबतीत एकाच वेळी घडतं, म्हणून आपण ते एकच समजतो. पुढून सोडलेला धावपटू आला की ते वेगळे होतात आणि प्रश्न नेमकं कोणतं विचारतो आहे ते वाचावं लागतं.

खरा ट्रॅक गोल नसतो

इथवर मी ट्रॅक वर्तुळाकार धरला. मैदानावरचा प्रमाणित ट्रॅक तसा नसतो. त्याला ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू असतात आणि दोन अर्धवर्तुळाकार वळणं, ज्यांच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर असते. पहिल्या लेनची लांबी कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजतात, म्हणजे ३६.८० मीटर त्रिज्येवर. दोन वळणं मिळून सुमारे २३१.२२ मीटर आणि दोन सरळ बाजू १६८.७८ मीटर, बेरीज ४०० मीटर.

अशा ट्रॅकच्या मध्यावरून बोट दाखवलं तर धावपटू एकसारख्या वेगाने धावला तरी बोट एकसारखं फिरणार नाही. मधून जवळ असलेल्या सरळ बाजूवर ते भराभर फिरेल, लांबच्या वळणावर सावकाश. मग आपला हिशेब कोसळतो का? नाही. अंशांऐवजी फेरीचा हिस्सा मोजायचा. सुरुवातीच्या रेषेपासून १०० मीटर म्हणजे पाव फेरी, २०० मीटर म्हणजे अर्धी. हवं तर पाव फेरीला ९० अंश म्हणा. दोघे एकाच वाटेवर धावत असले, तर वाटेचा आकार कसाही असो, फरक पूर्ण एक फेरी झाला की भेट होणारच.

दोघे एकाच लेनमध्ये नसतील तेव्हा मात्र मीटर आणि फेऱ्या यांत फारकत होते. लेन १.२२ मीटर रुंद असते आणि दुसऱ्या लेनची लांबी तिच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटरवर मोजतात. तिथे एक फेरी सुमारे ४०७.०४ मीटर भरते. दोघे अगदी सारख्या, सेकंदाला ५ मीटर वेगाने धावले, तर आतला ८० सेकंदांत फेरी पूर्ण करतो, बाहेरचा ८१.४ सेकंदांत. वेग सारखा असूनही कोनीय वेग वेगळा आहे, आणि असेच धावत राहिले तर सुमारे ७७ मिनिटांनी आतला बाहेरच्याला लॅप करेल. भेट ठरवताना मीटरचा वेग विचारात घ्यायचा नाही, फेरीची वेळ घ्यायची, ते याचसाठी.

टोकियो, १४ ऑक्टोबर १९६४

लॅप होणं हे खऱ्या स्पर्धेत सगळ्यात ठळक दिसतं ते १०,००० मीटरमध्ये, कारण तिथे २५ फेऱ्या असतात. टोकियो ऑलिंपिकची १०,००० मीटरची शर्यत यासाठी उत्तम उदाहरण आहे. शेवटच्या फेरीत अमेरिकेचा बिली मिल्स, ट्युनिशियाचा मोहम्मद गामूदी आणि ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हे तिघे आघाडीवर होते आणि त्यांना मागे पडलेल्या धावपटूंच्या गर्दीतून वाट काढत पळावं लागलं. मिल्स जिंकला, वेळ २८ मिनिटं २४.४ सेकंद. त्याच शर्यतीत सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, रणतुंगे करुणानंदा सगळ्यात शेवटी आला, ३४ मिनिटं २१.२ सेकंदांनी. बाकी सगळे थांबल्यावरही तो उरलेल्या फेऱ्या एकटा धावत राहिला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांनी त्याला साथ दिली.

मिल्सने त्याला किती वेळा मागे टाकलं असेल? सरासरीवर हिशेब करू. मिल्सची फेरी १७०४.४ ÷ २५ = ६८.१८ सेकंदांची, करुणानंदाची २०६१.२ ÷ २५ = ८२.४५ सेकंदांची. गुणाकार भागिले वजाबाकी केली तर सुमारे ३९४ सेकंद येतात, म्हणजे दर साडेसहा मिनिटांना एक लॅप. शर्यत मिल्ससाठी १७०४ सेकंद चालली, तेवढ्यात ३९४ चार वेळा बसतात. म्हणजे चार लॅप, साधारण ६:३४, १३:०८, १९:४२ आणि २६:१५ या वेळांना. जागाही काढता येतात. पहिल्या लॅपच्या क्षणी मिल्सच्या ५.७८ फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे रेषेपासून सुमारे ३११ मीटरवर. दुसरा लॅप २२२ मीटरवर, तिसरा १३२, चौथा ४३ मीटरवर. भेटीची जागा दर वेळी जवळजवळ ८९ मीटर मागे सरकते.

हे आकडे सरासरीचे आहेत. त्या दिवशी कुणीही पंचवीसच्या पंचवीस फेऱ्या एकाच वेळेत मारल्या नसणार. कुणी सुरुवातीला जोर लावतो, कुणी शेवटी, म्हणून मधल्या भेटींच्या खऱ्या वेळा आणि जागा यांहून वेगळ्या असणार. ज्यांच्या फेऱ्यांच्या वेळा जवळजवळ सारख्या असतात त्यांच्या बाबतीत तर हा अंदाज फारच डळमळीत होतो, कारण आपण एका लहान वजाबाकीने भागत असतो. ७२ आणि ७३ सेकंदांची जोडी ५२५६ सेकंदांनी, म्हणजे साधारण ८८ मिनिटांनी भेटते. ७२ आणि ७२.८ ची जोडी १०९ मिनिटांनी. फेरीच्या वेळेत एक पंचमांश सेकंदाचा फरक, आणि भेट वीस मिनिटांहून जास्त लांब गेली.

पण एखाद्याला एकूण किती लॅप बसले, हे सांगायला मधल्या फेऱ्यांचा वेग एकसारखा असण्याची गरज नाही. विजेत्याने रेषा ओलांडली त्या क्षणी समोरच्याच्या किती फेऱ्या उरल्या आहेत, एवढंच बघायचं. पूर्ण एक फेरी किंवा जास्त उरली असेल तर तो लॅप झालेला आहे. म्हणून निकालपत्रकात दोन वेळांमधलं अंतर बघावं आणि ते मागच्या धावपटूच्या शेवटच्या फेरीच्या वेळेशी ताडावं. अंतर जास्त असेल तर लॅप, कमी असेल तर नाही. टोकियोत सारख्या वेगाने धावणाऱ्याला मिल्सकडून एकही लॅप बसू नये म्हणून सुमारे २९ मिनिटं ३५ सेकंदांच्या आत यावं लागलं असतं, म्हणजे मिल्सनंतर ७१ सेकंदांच्या आत. करुणानंदाच्या बाबतीत हे अंतर ३५६.८ सेकंद आहे. त्याच्या सरासरी वेगाने तेवढ्यात चार पूर्ण फेऱ्या होतात आणि पाचवीतले सुमारे १३० मीटर उरतात.